खिसा तीनचा

राजगडाच्या पायथ्याला पालीत गेनूचं घर आहे. गडावर जाणारी पोरंपोरी पाठीला पिशव्या लावून त्याच्या अंगणावरूनच वर चढतात. पडवीत पायरीवर बसून गेनू सनई पुसत असला की ती थांबतात, मोबाईल काढतात आणि म्हणतात, "काका, थोडं वाजवा ना." गेनू वाजवतो. पण आधी तोंड धुतो. तंबाखूची गोळी थुंकल्याशिवाय सनईला ओठ लावायचा नाही हा त्याच्या बापाचा नेम होता, तो त्यानं पाळला. तंबाखू सोडायचा नेम बापानं घालून दिला नव्हता, म्हणून तो राहून गेला.

गेनूची सनई वेल्ह्यापासून भोरापर्यंत माहीत होती. हळदीला, मांडवडहाळ्याला, जत्रेत देवाच्या छबिन्याला गेनूच लागायचा. त्याच्या जोडीला संबळ घेऊन अमृत असायचा, साखर गावचा, अंगानं आडवा आणि तोंडानं तिखट. दोघं एकमेकांना एका दिवसात जेवढ्या शिव्या घालत तेवढ्या दुसऱ्या कुणी घातल्या असत्या तर मारामारी झाली असती.

सनईला दात लागत नाहीत, असं लोकांना वाटतं. खरं आहे. सनईच्या तोंडाची पत्ती दोन ओठांत धरायची, दात तिला शिवू द्यायचे नाहीत. पण खालच्या ओठाला मागून आधार दातांचाच. तो आधार घट्ट असेल तर ओठ बारीक दाब देतो, सूर वर जातो आणि वरच टिकतो. आधार हलला की सूर हलतो. हे गेनूला कुणी शिकवलं नव्हतं. ते त्याच्या ओठाला कळत होतं.

शेजारच्या धनाजीची नूतन दातांची डॉक्टर व्हायला पुण्याला गेली, तेव्हा पालीत सगळ्यांत जास्त आनंद गेनूलाच झाला. तिच्या बारशाला त्यानं वाजवलं होतं. शाळेत पहिली येऊन तिला बक्षीस मिळालं तेव्हाही वाजवलं होतं, कुणी सांगितलं नसताना, रस्त्यावर उभं राहून. गेनूला पोर नव्हतं. त्यामुळे नूतन धनाजीची किती आणि गेनूची किती, याचा हिशेब दोन्ही घरांत कुणी कधी केला नाही.

शेवटच्या वर्षाला असताना एका रविवारी ती त्याच्या पडवीत येऊन बसली.

"गेनूकाका, एक काम व्हतं."

"बोल की."

"मला पेशंट लागतोय. परीक्षेआधी पुरा करून दाखवायचा असतोय. हिरड्यांचा. पुण्यात समदी पोरं एकाच पेशंटाच्या मागं लागत्यात, मिळतच न्हाई."

गेनूची बायको रत्ना आतून ओरडली, "त्यांचं त्वांड न्हे, भरपूर घाण हाय. परीक्षा एकदम पास हुशील."

नूतन हसली, गेनूही हसला. तिथंच ठरलं.

वेल्ह्याची पहाटेची एसटी धरून तो स्वारगेटला उतरला. नूतन तिथं पांढरा कोट हातावर टाकून उभी होती. कॉलेजात एक लांबच लांब दालन, त्यात खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीवर एक उघडं तोंड. गेनूला जत्रेतल्या फोटोवाल्यांची आठवण झाली. नूतननं त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याला कागदी फडकं बांधलं आणि आधी दोन बैठकांत सगळं किटण काढलं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूनं तर अशी खपली निघाली की गेनूला वाटलं, दातच निघाला. मग काही दिवसांनी पुन्हा बोलावलं, मोजायला.

मोजायला म्हणजे काय, हे गेनूनं तेव्हा नीट बघून घेतलं. कुणाच्याही हातातलं हत्यार बघायची त्याला आवड होती. हे हत्यार म्हणजे एक बारीक काडी, टोकाला बोथट, अंगावर एकेक मिलिमीटरच्या काळ्या खुणा. दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी फट असते तिच्यात ती सरकवायची आणि कितव्या खुणेपर्यंत आत गेली ते वाचायचं.

नूतननं पहिल्यांदा ती खुपसली तेव्हा गेनू खुर्चीतून उठायलाच लागला.

तिच्या मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. केस पांढरे, आवाज हळू. "एवढी ताकद नको गं," त्या म्हणाल्या. "आधी स्वतःच्या नखावर दाब. नख जरासं पांढरं झालं की तिथं थांब. तेवढाच दाब, जास्त नाही. जोरात दाबलंस तर तळ फोडून खाली जाशील आणि खोटं माप वाचशील. हलका धरलास तर वरच अडकशील."

नूतननं नखावर दाबून बघितलं, मग पुन्हा तोंडात.

"आता ही तिरकी का धरलीस? दात जसा उभा आहे तशीच काडी उभी धर, दाताच्या अंगाला लावून. हं. आणि एकदा आत गेली की प्रत्येक वेळी पूर्ण बाहेर काढू नकोस. तळाशी टेकव, जराशी उचल, एक मिलिमीटर पुढं टाक, पुन्हा टेकव. चालव तिला. दोन दातांच्या मधे गेलीस की किंचित आत झुकव, कारण खरं खोल तिथं मधल्या बोळातच असतं. दाताला बाहेरून तीन जागा, आतून तीन. प्रत्येक जागेतला सगळ्यांत मोठा आकडा घ्यायचा. काडी दोन खुणांच्या मधे थांबली तर पुढची खूण वाच."

"याला खिसा म्हणत्यात काका," नूतन त्याच्या कानाशी म्हणाली. "हिरडीचा खिसा."

गेनू उघड्या तोंडानं काहीतरी बोलला.

"काय?"

त्यानं तिचा हात बाजूला केला. "म्हनलं, माज्या समद्या खिशांत हाच एक खोल निघावा."

मॅडमही हसल्या. पण लगेच म्हणाल्या, "नुसता खिसा मोजून थांबायचं नाही हं, नूतन. काका, तुमच्याकडे ओढ्याकाठी झाडं असतात ना?"

"लई हायेत. उंबर, करंज."

"ओढ्याचं पाणी माती वाहून नेतं. झाडाची मुळं उघडी पडतात. आता त्या झाडाच्या बुडाला तुम्ही काठी खुपसली आणि ती चार बोटंच आत गेली, तर झाड घट्ट आहे असं म्हणाल का?"

गेनूनं मान हलवली. "न्हाई. वरची माती गेली ती बी मोजाया पायजे."

"हेच. दाताचं पांढरं जिथं संपतं आणि मूळ सुरू होतं, तिथं एक शिवण असते. हिरडी त्या शिवणीपासून किती खाली गेली, तो दुसरा आकडा. खिसा आणि हा आकडा मिळवला की कळतं, दाताची पकड किती सुटली." मग नूतनकडे वळून, "आणि हिरडी सुजून शिवणीच्या वर चढलेली असेल तर?"

"तेवढं वजा करायचं, मॅडम."

"शाबास." आणि मॅडम पुढच्या खुर्चीकडे गेल्या.

नूतन आकडे बोलायला लागली. तिच्या वर्गातला एक मुलगा शेजारी स्टुलावर बसून तक्त्यावर लिहीत होता. तक्त्यावर दातांची चित्रं होती आणि चित्रांच्या खाली दोन ओळी, एक खिशाची, एक हिरडीच्या उतरण्याची. खालच्या पुढच्या चार दातांच्या आतल्या बाजूला आल्यावर ती आरशानं जीभ बाजूला करून म्हणाली, "तीन दोन तीन. तीन दोन तीन." सगळीकडे तेच. गेनूचं बोट खुर्चीच्या हातावर आपोआप वाजायला लागलं. अमृतचा संबळ असाच चालायचा. मग नूतन पुन्हा पहिल्या दातावर आली. "दुसरी ओळ लिही. तीन चार तीन. चार चार तीन." आवाज जरा उतरला होता. गेनूच्या बोटानं ठेका बदलला. त्याला तो दुसरा जास्त आवडला, अवघड होता.

"हे दुसरं काय गं?" त्यानं नंतर चूळ भरताना विचारलं. "मॅडमनी सांगितलं त्येच का?"

नूतन टेबलाशी वाकून नवा कोरा तक्ता लिहीत होती. पहिला तक्ता खाडाखोड झालेला, तो फेअर करायचा असतो असं ती म्हणाली. "ते व्हय? ते असंच काका, शिकन्यापुरतं." मग वर बघून म्हणाली, "तुमच्याकडं खिसाच न्हाई. तीनच्या आत. रगात बी कुठं आलं न्हाई. निर्धास्त वाजवा."

मॅडम आल्या, बाहेरच्या बाजूनं धुऊन चकचकीत झालेले दात बघितले, हातात सहीसाठी थांबलेले आणखी पाच तक्ते होते, तक्ता बघितला आणि सही केली.

नूतन पास झाली. पालीत तिच्या नावाचा फलक लागला, आणि रस्त्यावर सनई वाजली.

तिनं गेनूला त्या तक्त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला होता. गेनूनं वेल्ह्याला जाऊन त्याचा कागद काढून घेतला, आणि पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिक चढवून घेतलं. तो भिंतीवर त्याच्या जत्रेतल्या फोटोशेजारी लावला. गडावर जाणारी पोरं विचारायची, "काका, हे काय?" गेनू सांगायचा, "माज्या दातांचा दाखला. आमच्या नूतननं केलाय. खिसा तीनचा!" अमृत म्हणायचा, "खिसा तीनचा आन् आत दमडी न्हाई." हे तो प्रत्येक वेळी म्हणायचा, आणि गेनू प्रत्येक वेळी हसायचा.

नूतन पुण्यात एका दवाखान्यात लागली. सणावाराला आली की ओसरीवरूनच विचारायची, "काका, दात बरे?" गेनू दात दाखवायचा. ती मान डोलवायची. जवळ येऊन कधी बघितलं नाही, आणि गेनूलाही त्याचं काही वाटलं नाही. दाखला भिंतीवर होता.

काही वर्षं गेली. एका लगनसराईत उत्रोलीला हळद होती. गेनूनं वरचा सूर धरला आणि तो मधेच चिरला. त्यानं पुन्हा धरला. पुन्हा चिरला, आणि ओठाच्या मागं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. अमृतनं संबळावरून मान वर केली.

"काय रं, पत्ती फुटली का?"

"पत्ती नवी हाय."

"मग वाजवनारा जुना झाला आसल."

गेनूनं जीभ आतून लावली. खालचा पुढचा दात जिभेनं हलला. शेजारचाही. त्यानं सनई पिशवीत घातली आणि मांडवाच्या मागं जाऊन उभा राहिला. अमृतनं एकट्यानं संबळ वाजवून हळद पुरी केली, आणि परतीच्या टेम्पोत एकही शिवी दिली नाही. त्यानंच गेनू जास्त भ्याला.

नूतनला फोन लावला तर ती म्हणाली, "काका, मी कामात हाय, सध्या मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, मी आले की बघते." ती आली नाही. रत्ना म्हणाली, भोराला दाखवून या. भोरात बाजारपेठेच्या वरच्या अंगाला गुलनाज डॉक्टरांचा दवाखाना होता. इस्माईल टेलरची मुलगी. इस्माईलनं गेनूचे पांढरे कुडते वर्षानुवर्षं शिवले होते, म्हणून गेनूला तिथं परकं वाटलं नाही.

गुलनाजनं तोंड बघितलं आणि काडी घेतली. गेनू म्हणाला, "ठाऊक हाय मला. नख पांढरं होईस्तवर दाबायचं."

"अरे वा," ती म्हणाली. "कुणी शिकवलं?"

"आमची नूतन माज्यावर शिकली."

गुलनाज मोजायला लागली आणि तिची मदतनीस लिहायला. "तीन दोन चार," गुलनाज म्हणाली. "तीन दोन तीन." गेनूच्या बोटानं खुर्चीवर ठेका धरला. जवळजवळ तोच होता. त्याला बरं वाटलं. मग गुलनाज पुन्हा पहिल्या दातावर आली. "आता हिरडी किती उतरली ते. पाच सहा पाच. सहा सहा पाच."

गेनूचं बोट थांबलं.

हा ठेका त्यानं ऐकलेला होता. आकडे दुसरे होते, पण चाल तीच. एकदा खिशाची ओळ, मग पहिल्यापासून दुसरी ओळ. तीन चार तीन. चार चार तीन. इतक्या वर्षांनी तो आवाजासकट त्याच्या कानात उठला. उतरलेला आवाज होता तो.

गुलनाजनं आरसा बाहेर काढला. "काका, खरं सांगते. तीन आणि पाच, आठ. दोन आणि सहा, आठ. चार आणि पाच, नऊ. या दातांचं मूळ बारा-तेरा मिलिमीटरचं असतं. त्यातली नऊपर्यंतची पकड सुटली आहे."

"पर खिसा तर तीनाचाच हाय."

"खिसा वाढला नाही, कारण हिरडीच खाली खाली जात राहिली. आतल्या बाजूनं, म्हणून तुम्हाला आरशात कधी दिसलं नसणार. आणि तुम्ही तंबाखू खाता, त्यामुळं हिरडीतून रक्तही येत नाही. वरून सगळं ठीक वाटतं. पहिल्यांदा कधी मोजलं होतं?"

गेनूनं मोबाईल काढला. दाखल्याचा फोटो त्यात अजून होता. गुलनाजनं दोन बोटांनी तो मोठा केला आणि बराच वेळ बघितला.

"दुसऱ्या ओळीत सगळीकडे शून्य आहे," ती म्हणाली. "म्हणजे हिरडी अजिबात उतरलेली नव्हती."

"उतरली व्हती."

"नवीन शिकणाऱ्यांकडून हे होतं, काका. नुसता खिसा मोजतात, शिवण सापडत नाही, मग शून्य टाकून मोकळे होतात. माझंही झालंय."

"तिला सापडली व्हती," गेनू म्हणाला. "तिनं मोजलं. आवाज काढून सांगितलं. तीन चार तीन, चार चार तीन. म्या बोटानं वाजवलं. मंग कागद फेअर केला."

गुलनाजनं मोबाईल त्याच्या हातात परत दिला. तिनं मनातल्या मनात बेरीज केली असावी, कारण तिचा चेहरा बदलला.

"तेव्हाच सहा-सात होतं," ती हळूच म्हणाली.

"सहा-सात म्हंजे?"

तिनं काडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "काका, मी तिथं नव्हते. कुणाच्या मनातलं मी कसं सांगू? पण कॉलेजात एवढी पकड सुटलेला पेशंट मुलांकडे ठेवत नाहीत. वरच्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवतात. मुलांना साधे पेशंट लागतात. वर गेला की तो त्यांच्या कामात धरला जात नाही."

"आन् वर गेलो असतो तर?"

"तेव्हा हिरडी उचलून आतून साफ केलं असतं. तंबाखू सोडायला लावली असती. तीन-तीन महिन्यांनी मोजत राहिले असते." तिनं हातमोजे काढले. "गेलेली पकड परत आली नसती. पण जी होती ती बरीच राहिली असती."

गेनूनं तोंड पुसलं. खिडकीतून खाली बाजारात कुणाचा तरी टेम्पो मागं घेताना वाजत होता. तो ऐकत बसला.

गुलनाजनं जे जमण्यासारखं होतं ते केलं. एक दात काढावाच लागला. उरलेले तीन तिनं दोन्ही बाजूंच्या घट्ट दातांना आतून बारीक तारेनं बांधले, म्हणजे ते एकमेकांच्या आधारानं उभे राहतील. काढलेल्या दाताचा वरचा भागच तेवढा त्या तारेला परत चिकटवून दिला, म्हणजे ओठाला फट लागणार नाही. "वरचे सूर आता जपून," ती म्हणाली. "आणि तंबाखू आजपासून बंद, नाहीतर ही तारही काही करू शकणार नाही." गेनूनं बसस्टँडवरच्या गटारात डबी टाकली. सुटता सुटत नव्हती ती डबी त्या दिवशी सहज सुटली. त्याला वाटलं, आज हातातून काहीही सुटेल.

माघात धनाजीच्या कुमारचं, नूतनच्या भावाचं लग्न ठरलं. धनाजी सुपारी आणि नारळ घेऊन पडवीत आला.

"गेनबा, तारीख तर तुला ठाऊकच हाय. पर रीतीनं आलोय."

गेनूनं नारळाला हात लावला नाही. "धनाजी, दातांनी साथ सोडली. दुसरा वाजवनारा बघ."

"दुसरा? येडा का खुळा? अरं नूतन डॉक्टर हाय आपली! ती करंल की तुजं काय ते. आलीय ती घरी. नूते! ए नूते, हिकडं ये, बघ काका काय म्हनत्यात!"

नूतन आली. पायरीशी उभी राहिली. धनाजीला कुणीतरी मांडवाच्या बांबूसाठी हाक मारली, तो "आलो, आलो" म्हणत गेला. नारळ तिथंच राहिला.

"बघू काका," नूतन म्हणाली आणि वाकली. गेनूनं तोंड उघडलं. आतली तार बघून ती मागं झाली.

"कुणी बांदली?"

"इस्माईल टेलरच्या पोरीनं. तिनं दोनी वळी मोजल्या."

नूतननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. भिंतीवरच्या दाखल्याकडं तिनं बघितलं नाही. तो कुठं लावलाय हे माहीत असलेल्या माणसासारखी ती न बघता उभी राहिली.

"तीन चार तीन," गेनू म्हणाला. त्यानं बोटानं पायरीवर वाजवून दाखवलं. "चार चार तीन. तुजाच आवाज हाय नूते. मला सूर इसरता येत न्हाई."

"काका..."

"शिकन्यापुरतं हाय, म्हनलीस."

"परीक्षा तोंडावर आली व्हती काका. दुसरा पेशंट मिळत नव्हता. मॅडमनी ते आकडं बघितलं आसतं तर तुमाला वर न्हेलं आसतं आन् माजं वरीस गेलं आसतं. मला वाटलं, पास झाल्यावर म्या सोताच सांगीन. मंग तुमी त्यो कागद भिंतीला लावला." तिनं पदर सोडून पुन्हा गुंडाळला. "समद्यांना दाखवत व्हता. मंग कसं सांगू?"

"म्हंजे माज्यामुळं न्हाई सांगितलंस."

"तसं न्हवं वो काका."

"मला म्हनली आसतीस, काका, वर जाऊ नगा, माजं वरीस जाईल. तर म्या न्हाई गेलो आसतो. तुज्यासाठी समदे दात दिलं आसतं." त्यानं पायरीवरचं बोट उचललं. "मागून घ्यायचं व्हतं. म्या दिलंच आसतं. त्येच तर ठाऊक व्हतं तुला."

नूतन रडायला लागली. पूर्वी ती रडली की गेनू उठायचा, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सनईतून कोंबड्याचा आवाज काढून हसवायचा. तो उठला नाही. त्याला उठावंसं वाटलं, तेही त्याच्या लक्षात आलं, आणि तो बसून राहिला.

"माज्या आबांना सांगनार का?" तिनं शेवटी विचारलं.

गेनूनं तिच्याकडं बघितलं. इतका वेळ त्याला राग नव्हता. आता आला.

"ह्ये इचारायला थांबली व्हतीस व्हय?"

गेनूनं नारळ उचलून तिच्या हातात दिला. "आबाला म्हनाव, साखरचा अमृत येईल. संगं दुसरी सनई आनंल. बाकी गेनू कुनाला काय सांगत न्हाई. जा."

लग्नाच्या दिवशी धनाजीच्या मांडवात अमृतनं संबळ वाजवला. सनई नसरापूरच्या एका पोरानं धरली, चांगली धरली. रत्ना हळदीला गेली, तिला जावंच लागलं. गेनू घरात एकटा होता. मांडवातला सूर भिंतीतून आत येत होता, आणि त्या पोरानं वरचा सूर कुठं तोडला आणि कुठं वाचवला हे त्याला न बघता कळत होतं.

त्यानं भिंतीवरचा दाखला काढला. मांडीवर घेतला. खालच्या पुढच्या दातांची चित्रं शोधायला त्याला वेळ लागला नाही. पहिल्या ओळीत तीन दोन तीन, टपोऱ्या अक्षरात. दुसऱ्या ओळीत शून्य, शून्य, शून्य. नूतनचं अक्षर लहानपणापासून देखणं.

कोनाड्यात रत्नाचं दुधाच्या खुणा मांडायचं पेन होतं. गेनूनं ते घेतलं आणि पहिल्या शून्यावर नेट लावून तीन काढला. मग चार. मग तीन. ओठानं आकडे पुटपुटत, बोटानं मांडीवर ठेका देत, त्यानं चारही दातांची ओळ भरली. जरा लांब धरून बघितली. बरोबर होती.

मग त्यानं तो परत भिंतीला लावायला उचलला, आणि अंगठा त्या ओळीवरून गेला. आकडे अंगठ्याला आले. खाली शून्य होती तशीच होती. प्लास्टिकवर शाई धरत नव्हती.

गेनूनं अंगठा धोतराला पुसला. मांडवात अमृतनं ठेका बदलला होता, अवघड होता तो. गेनूचं बोट मांडीवरून उठलं, आणि वाजवायला परत खाली आलं नाही.

ओल लागू नये म्हणून ते प्लास्टिक त्यानंच चढवून घेतलं होतं.